साक्षीदार खरा, तरी शिक्षा चुकीची

लॉ कॉलेजच्या मूट कोर्टात शिक्षेविरुद्धचे अपील लिहिताना विद्यार्थी हमखास साक्षीदारावर तुटून पडतात. पण साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहिलेले असते ते सत्र न्यायाधीशांनी. त्याच्या खरेपणाबद्दलचे त्यांचे मत अपिलात सहसा हलत नाही. हलवता येतो तो त्या साक्षीवरून काढलेला निष्कर्ष.

समजा, मृत व्यक्ती संध्याकाळी ७ वाजता आरोपीसोबत दिसली आणि प्रेत सापडले दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता. ‘निकाल चुकीचा आहे’ हे मुद्द्याचे शीर्षक पोकळ आहे. ‘चौदा तासांच्या अंतरामुळे तिसऱ्या व्यक्तीची शक्यता उरते’ असे लिहिले, की शीर्षकच युक्तिवाद होते. त्याखाली आधी नियम येतो: शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४). परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पूर्ण हवी आणि तिने आरोपीच्या दोषाखेरीज दुसरी शक्यता उरू देता कामा नये. मग नोंदीतला पान क्रमांक देऊन तथ्ये मांडायची. घटनास्थळ रहदारीचे होते का, मृत्यूच्या वेळेबद्दल डॉक्टर काय म्हणाले?

सरकारी पक्ष म्हणेल, आरोपीने खोटा खुलासा दिला. हा मुद्दा लपवू नये. न्यायाधीश तो विचारणारच. उत्तर सारडा खटल्यातच आहे: खोटा खुलासा पूर्ण साखळीला बळ देतो, तुटलेली साखळी जोडत नाही.