एकाचे दहा: शेअरचे विभाजन आणि बोनस

शेअरचे विभाजन, म्हणजे स्टॉक स्प्लिट, यात शेअरचे दर्शनी मूल्य फोडले जाते. दोन रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे एक-एक रुपयाचे दोन शेअर होतात. बोनस शेअरमध्ये दर्शनी मूल्याला हात लागत नाही. कंपनी आपल्या गंगाजळीतली रक्कम भागभांडवलात वळवते आणि तेवढे नवे शेअर जुन्या भागधारकांना पैसे न घेता देते. दोन्हींत शेअरची संख्या वाढते आणि बाजारातला भाव त्याच प्रमाणात उतरतो. म्हणूनच दोन्ही एकच वाटतात. फरक दिसतो तो कंपनीच्या ताळेबंदात आणि गुंतवणूकदाराच्या करात.

पुण्याच्या बजाज फायनान्सने 2025 मध्ये या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या. रेकॉर्ड डेट 16 जून होती. आधी दोन रुपयांच्या शेअरचे एक रुपयाचे दोन शेअर झाले आणि मग त्या प्रत्येकावर चार बोनस शेअर मिळाले. एकाचे दोन, दोनाचे दहा. आदल्या शुक्रवारी नऊ हजारांच्या वर असलेला भाव सोमवारी हजाराच्या खाली आला. ज्यांना घोषणा ठाऊक नव्हती त्यांना मोबाइलवर नव्वद टक्क्यांची घसरण दिसली. नवे शेअर डिमॅट खात्यात जमा व्हायला काही दिवस लागतात, भाव मात्र रेकॉर्ड डेटच्या सकाळीच नव्या हिशोबाने सुरू होतो. मधल्या काळात खात्यात जुनी संख्या आणि नवा भाव यांचा गुणाकार दिसतो. तो तोटा नसतो, आणि घाबरून विकण्याचे कारण तर मुळीच नसते. भाव खरोखर पडला आहे का, हे पाहायचे असेल तर आदल्या दिवशीच्या बंद भावाला दहाने भागावे आणि मग आजच्या भावाशी ताडून पाहावे.

एवढ्यासाठी दोन वेगळे मार्ग का वापरावे लागले, याचे उत्तर दर्शनी मूल्यात आहे. याच कंपनीने 2016 मध्येही एकाचे दहा केले होते. तेव्हा दर्शनी मूल्य दहा रुपये होते. ते दोन रुपयांवर आणल्यावर एकाचे पाच झाले आणि एकास एक बोनसने पाचाचे दहा. 2025 मध्ये फोडायला दोनच रुपये उरले होते. सेबीच्या नियमांनुसार दर्शनी मूल्य एक रुपयापेक्षा कमी ठेवता येत नाही, त्यामुळे विभाजनातून जेमतेम दुप्पट झाली आणि उरलेली पाचपट बोनसने भरून काढावी लागली. आता त्या शेअरचे विभाजन होऊ शकत नाही. पुढे कधी संख्या वाढवायची झाली तर बोनस हाच मार्ग आहे.

बोनसची मर्यादा वेगळी आहे. त्यासाठी गंगाजळी लागते. बजाज फायनान्सचे आधी सुमारे 62 कोटी शेअर होते, म्हणजे भागभांडवल सुमारे 124 कोटी रुपये. विभाजनाने संख्या 124 कोटी झाली, भांडवल मात्र तेवढेच राहिले. बोनसने आणखी जवळपास 500 कोटी शेअर निर्माण झाले आणि तितकेच रुपये राखीव निधीच्या खात्यातून भांडवलाच्या खात्यात गेले. कंपनीच्या तिजोरीत एक रुपया आला नाही, गेलाही नाही. पण भांडवलात गेलेली रक्कम लाभांश म्हणून वाटता येत नाही, ती कायमची बांधली जाते. कंपनी कायद्यानुसार बोनससाठी मुक्त राखीव निधी, शेअर प्रीमियमचे खाते किंवा भांडवल परतफेड निधी वापरता येतो. जमीन-इमारतींचे फेरमूल्यांकन करून फुगवलेला निधी चालत नाही. म्हणून बोनस देणाऱ्या कंपनीकडे खरी साठवण असते, एवढे तरी म्हणता येते. विभाजनाला अशी कसलीच साठवण लागत नाही. तोट्यातली कंपनीही विभाजन करू शकते. विभाजनाची बातमी म्हणजे कंपनी सुधारल्याची बातमी, असे समजणे चूक आहे.

प्रमाण वाचतानाही गल्लत होते. ‘एकास एक बोनस’ म्हणजे एका शेअरवर एक जादा, एकूण दोन. ‘चारास एक’ म्हणजे एकावर चार जादा, एकूण पाच, आणि भाव एक-पंचमांश. विभाजनात मात्र एकाचे एकूण किती होणार, तो आकडा सांगितला जातो.

गुंतवणूकदाराच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक शेअर विकताना कळतो. समजा, एखाद्याने 2023 च्या मध्यावर 7,000 रुपयांनी दहा शेअर घेतले होते. खर्च 70,000. जून 2025 नंतर त्याचे शंभर शेअर झाले. त्याने ते सगळे डिसेंबर 2025 मध्ये 930 रुपयांनी विकले, असे धरू. हाती आले 93,000. नफा 23,000.

केवळ विभाजनाने शंभर झाले असते, तर खर्च शंभरांत सारखा वाटला गेला असता, शेअरमागे 700 रुपये. खरेदीची तारीखही जुनीच धरली गेली असती. मग 23,000 हा दीर्घकालीन नफा ठरला असता आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या सवलतीत बसून गेला असता.

इथे मात्र शंभरांपैकी ऐंशी शेअर बोनसचे आहेत. प्राप्तिकराच्या लेखी त्यांची खरेदी किंमत शून्य आणि त्यांचे वय वाटपाच्या दिवसापासून मोजले जाते. सगळे 70,000 उरलेल्या वीस शेअरच्या माथी बसतात. त्या विसांचे आले 18,600, म्हणून 51,400 रुपयांचा दीर्घकालीन तोटा. बोनसच्या ऐंशी शेअरचे आले 74,400 आणि ते सगळेच नफा. शिवाय वर्ष पुरे झाले नसल्याने हा नफा अल्पकालीन, त्यावर वीस टक्के कर. दीर्घकालीन तोटा अल्पकालीन नफ्यातून वजा करता येत नाही. तो पुढच्या आठ वर्षांपर्यंत ओढता येतो, पण या वर्षी तरी कर भरावा लागतो तो 74,400 वर, म्हणजे उपकर सोडून 14,880 रुपये. तेवीस हजारांच्या कमाईवर!

हाच माणूस बोनसच्या शेअरना एक वर्ष पूर्ण होऊ देता, तर दोन्ही रकमा दीर्घकालीन ठरल्या असत्या, तोटा नफ्यातून वजा झाला असता आणि करपात्र काही उरले नसते. ब्रोकरच्या ॲपवर सरासरी खरेदी भाव 700 दिसत असला, तरी कराचा हिशोब त्यावर होत नाही. डिमॅट खात्यातून आधी आलेले शेअर आधी गेले असे मानतात, त्यामुळे थोडेच शेअर विकले तर ते जुने वीस आधी जातात आणि कागदावर मोठा तोटा उभा राहतो. हा तोटा मुद्दाम निर्माण करायला रेकॉर्ड डेटच्या आधी तीन महिन्यांत शेअर घेऊन, बोनस मिळाल्यावर नऊ महिन्यांच्या आत मूळ शेअर विकण्याची युक्ती पूर्वी चाले. 1 एप्रिल 2022 पासूनच्या दुरुस्तीने शेअरच्या बाबतीतही ती बंद झाली. असा तोटा आता नाकारला जातो आणि हाती उरलेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत म्हणून धरला जातो.