पेमेंट कमी आलं? मेसेज पाठवण्याआधी हे बघा

व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलंय, "सर, परदेशातून पैसे कमी आले तर गिऱ्हाइकाला कसं सांगायचं?" माझंच उदाहरण देतो.

अमेरिकेत छोटं दुकान चालवणाऱ्या एका ताईंनी माझ्याकडून पैठणी बॉर्डरच्या पर्स मागवल्या. इन्व्हॉइस 640 डॉलरचं होतं, जमा झाले 618. मी तडक मेसेज टाकला: "ताई, पेमेंट कमी आलंय. बाकीचे लगेच पाठवा."

त्यांचं उत्तर आलं, "मी पूर्ण 640 पाठवलेत. ही पावती बघा." आणि त्यांचं खरंच होतं! माझ्या मेसेजमध्ये किती कमी, का कमी, काहीच नव्हतं. उलट त्यांनीच पैसे कापल्यासारखं वाटत होतं.

मग मी बँकेतून त्या पेमेंटची स्विफ्ट कॉपी घेतली. त्यात पाठवलेली रक्कम 640, पोहोचलेली 618 आणि चार्जेसच्या रकान्यात SHA लिहिलेलं. SHA म्हणजे पाठवणाऱ्याच्या बँकेचा चार्ज तो देतो, पुढचे आपल्या माथी. मधल्या बँकेने वाटेतच 22 डॉलर कापले होते. OUR निवडलं असतं तर सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे गेले असते.

आपल्या बँकेने डॉलरचे रुपये करताना घेतलेला चार्ज आणि त्यावरचा जीएसटी या 22 मध्ये धरायचा नाही. तो आपला खर्च. दोन्ही एकत्र करून मागितले तर हिशोब जुळत नाही आणि विश्वास जातो.

नवीन मेसेज असा केला:

"नमस्कार ताई, तुम्ही 640 डॉलर पूर्ण पाठवलेत, पावती मिळाली, धन्यवाद. मधल्या बँकेने 22 डॉलर कापल्यामुळे माझ्याकडे 618 आले. स्विफ्ट कॉपी जोडली आहे. हे 22 डॉलर पुढच्या ऑर्डरच्या इन्व्हॉइसमध्ये वेगळ्या ओळीत धरले तर चालेल का? पुढच्या वेळी बँकेत चार्जेससाठी OUR निवडावं, ही विनंती."

आधी त्यांचं बरोबर आहे हे मान्य केलं, मग आकडा, पुरावा आणि शेवटी मागणी. 22 डॉलर लगेच वेगळे मागितले नाहीत, कारण तेवढ्यासाठी पुन्हा वायर केली तर त्यातूनही चार्ज कापला जाणार.

ताईंनी होकार दिला. पण त्या नाही म्हणाल्या असत्या तर मला जोर करता आला नसता, कारण चार्जेस कोणी भरायचे हे माझ्या इन्व्हॉइसवर लिहिलेलंच नव्हतं. आता प्रत्येक इन्व्हॉइसवर बँक तपशिलाखाली एक ओळ असते: "सर्व बँक चार्जेस पाठवणाऱ्याकडे (OUR)." तुमच्या इन्व्हॉइसवर ती आहे का, आजच बघा.