गर्भपातानंतर पाळी येईपर्यंत थांबणं का धोक्याचं?

गर्भपातानंतर एकदा पाळी येऊ दे, मग गर्भनिरोधकाचं बघू, असं अनेक जोडप्यांना वाटतं. गफलत इथेच होते. कारण स्त्रीबीज पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी बाहेर पडतं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात झाला किंवा केला असेल, तर हे अगदी आठ-दहा दिवसांतही घडू शकतं. म्हणजे पाळी न येताच पुन्हा दिवस राहू शकतात.

समजा, सात आठवड्यांची गर्भवती असलेल्या महिलेने सोमवारी मिफेप्रिस्टोन आणि बुधवारी मिसोप्रोस्टोल घेतलं. तिला तांबी हवी आहे. पण गर्भाशय रिकामं झाल्याची खात्री झाल्याशिवाय तांबी बसवत नाहीत आणि ही तपासणी बहुतेकदा दोन आठवड्यांनी होते. धोक्याचे दिवस नेमके याच मधल्या काळात येऊ शकतात. त्यामुळे तोवर कंडोम हवाच. गर्भनिरोधक गोळ्या मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार सोमवारीच सुरू करता येतात. रक्तदाब जास्त असेल किंवा मायग्रेन असेल, तर त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

पिशवी साफ केली असेल, तर तांबी तेव्हाच बसवता येते. ताप किंवा दुर्गंधी येणारा स्राव असेल, तर आधी जंतुसंसर्गावर उपचार, तांबी नंतर. गोळी विसरायची सवय असणाऱ्यांसाठी तांबीच बरी. '380 ए' प्रकारची तांबी 10 वर्षं चालते, आणि मूल हवं असेल तेव्हा काढताही येते.