बायोस अपडेटचा मेसेज आलाय? ‘अपडेट’ दाबण्याआधी हे वाचा



दुकानाच्या किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर कधीतरी कोपऱ्यात एक छोटी चौकट येते. बायोस अपडेट उपलब्ध आहे, आता करायचं का? मोबाईलमधलं अ‍ॅप अपडेट करायची सवय असते, त्यामुळे बोट आपोआप ‘हो’वर जातं. इथे जरा थांबा. हे अपडेट बाकीच्या अपडेटसारखं नाही. ते बिघडलं तर ‘अनइन्स्टॉल करू’ म्हणायची सोय बहुतेक वेळा नसते. आणि तुमची बिलं, स्टॉक, गिऱ्हाइकांची उधारी त्याच एका मशीनवर असेल, तर प्रश्न फक्त लॅपटॉपचा राहत नाही.

आधी हे बायोस म्हणजे काय, ते साध्या भाषेत पाहू. मदरबोर्डवर एक छोटी चिप असते. तुम्ही पॉवर बटण दाबलं की विंडोज सुरू व्हायच्या आधी या चिपमधला प्रोग्राम चालतो. तो रॅम तपासतो, डिस्क शोधतो आणि मग मशीन विंडोजच्या ताब्यात देतो. जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामला बायोस म्हणतात, नव्याला युईएफआय. बोलताना दोन्हीला बायोसच म्हणतात, आपणही तेच म्हणू. विंडोज बिघडलं तर पेन ड्राइव्हवरून परत टाकता येतं, कारण पेन ड्राइव्ह वाचायला बायोस जागा असतो. पण बायोसच बिघडला तर पेन ड्राइव्ह वाचणार कोण?

पहिला धोका: अर्ध्यात लाईट जाणं

अपडेट करताना चिपमधला जुना प्रोग्राम पुसला जातो आणि नवीन लिहिला जातो. काम काही मिनिटांचंच असतं. पण नेमक्या त्या वेळी लाईट गेली, किंवा ‘स्क्रीन काळी झाली, अडकलं वाटतं’ म्हणून कुणी पॉवर बटण दाबून धरलं, तर चिपमध्ये अर्धाच प्रोग्राम राहतो. मग बटण दाबल्यावर फॅन फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही.

काही मशीनमध्ये यातून बाहेर पडायची सोय असते. अनेक एचपी लॅपटॉपमध्ये Windows आणि B ही बटणं धरून, तर अनेक डेल मशीनमध्ये Ctrl आणि Esc धरून मशीन चालू केलं की बायोस रिकव्हरी सुरू होते. काही डेस्कटॉप बोर्डवर त्यासाठी मागच्या बाजूला वेगळं बटण असतं. तुमच्या मशीनमध्ये अशी सोय नसेल, तर रिपेअरवाल्याकडे जाऊन ती चिप बाहेरून प्रोग्रॅमर लावून पुन्हा लिहून घ्यावी लागते. चांगला कारागीर ते करतो, पण तेवढे दिवस तुमचं बिलिंग बंद.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अपडेट चालू असताना स्क्रीन काळी होणं, फॅन जोरात फिरणं, मशीन दोन-तीनदा आपोआप रिस्टार्ट होणं हे नेहमीचं आहे. ते बिघाडाचं लक्षण नव्हे. कमीत कमी अर्धा तास तरी बटणाला हात लावू नका.

दुसरा धोका: अपडेट नीट होतं, पण डेटाला कुलूप लागतं

हा धोका फार कमी लोकांना माहीत असतो, आणि धंद्याच्या दृष्टीने हाच मोठा आहे. चिप बिघडली तर ती दुरुस्त होते. इथे मात्र डेटाच जातो.

विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आधीच लागलेलं असतं. तुम्ही लावलेलं नसतं. पहिल्या सेटअपच्या वेळी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगइन केलं की ते आपोआप लागू शकतं. या कुलपाची किल्ली मशीनमधल्या टीपीएम नावाच्या सुरक्षा भागात असते. मशीन सुरू होताना टीपीएम तपासतो की सगळं कालच्यासारखंच आहे ना. असेल तर तो गुपचूप किल्ली देतो, आणि तुम्हाला कुलूप आहे हे कळतही नाही.

बायोस अपडेटमुळे सिक्युअर बूटचं सेटिंग बदललं किंवा टीपीएम रिसेट झाला, तर टीपीएमला वाटतं की कुणीतरी मशीनशी छेडछाड केली. तो किल्ली देत नाही. मग निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. प्रत्येक वेळी असं होत नाही. कंपनीचं अपडेट टूल बरेचदा बिटलॉकर स्वतःच थोड्या वेळासाठी थांबवतं. पण ज्या वेळी होतं, त्या वेळी की नसेल तर डिस्क उघडत नाही. दुकानदार उघडू शकत नाही, मायक्रोसॉफ्टही नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तुमचा मसाल्यांचा छोटा कारखाना आहे. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने ‘सगळं करून देतो’ म्हणत सेटअप केला, आणि घाईत स्वतःचाच ईमेल टाकून अकाउंट चालू केलं. तुम्ही दोन वर्षं पिन टाकून काम केलं. महिन्याच्या १९ तारखेला बायोस अपडेट झालं आणि निळी स्क्रीन आली. २० तारखेला जीएसटीचं ३बी भरायचंय. रिकव्हरी की आहे कुठे? त्या मुलाच्या अकाउंटमध्ये. त्याने दुकान सोडलं असेल, पासवर्ड विसरला असेल, तर दोन वर्षांचा हिशोब समोर असून हाती लागत नाही. यात अपडेट फसलंच नव्हतं. फक्त किल्ली आपल्याकडे नव्हती.

मग कधी हात लावायचा नाही?

मशीन नीट चालत असेल आणि अपडेटच्या माहितीत तुमच्या अडचणीबद्दल काही नसेल, तर घाई करू नका. प्रत्येक बायोस अपडेटसोबत कंपनी तिच्या साइटवर काय दुरुस्त केलं याची यादी देते. ती वाचा. ‘नवीन प्रोसेसरला सपोर्ट’ असं लिहिलंय आणि तुम्ही प्रोसेसर बदलणार नसाल, तर ते अपडेट तुमच्यासाठी नाही. ‘कॉम्प्युटर फास्ट होईल’ म्हणून तर करूच नका. स्लो मशीनचं कारण बहुतेक वेळा कमी रॅम किंवा जुनी हार्ड डिस्क असते.

डेस्कटॉपला यूपीएस नसेल, लॅपटॉपची बॅटरी चार्जर काढताच बंद पडत असेल, तर करू नका. नेमकं मॉडेल माहीत नसेल, तरीही नाही. दिसायला सारख्या दोन बोर्डांचे बायोस वेगळे असू शकतात. आणि ‘तुमचे सगळे ड्रायव्हर फुकट अपडेट करतो’ म्हणणाऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरने सुचवलं असेल, तर नक्कीच नाही. बायोस फक्त मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तिच्या स्वतःच्या टूलमधून किंवा विंडोज अपडेटमधून घ्यायचा.

आणि कधी करायलाच हवं?

उलट बाजूही खरी आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेज मागितलं जाण्याचा दोष निघाला. त्यामुळे प्रोसेसर हळूहळू खराब होत होता आणि मशीन मधेच क्रॅश होत होतं. ऑगस्ट २०२४ पासून इंटेलने त्यावर दुरुस्ती दिली, आणि ती बोर्ड कंपन्यांच्या बायोस अपडेटमधून आली. ही दुरुस्ती पुढचं नुकसान थांबवते, झालेलं भरून काढत नाही. म्हणजे असा डेस्कटॉप असेल तर ‘चालतंय ना, राहू दे’ म्हणणं महागात पडतं. तसंच, कंपनीने गंभीर सुरक्षा दोषासाठी अपडेट तातडीचं म्हटलं असेल, किंवा तुम्हाला रोज होणारा त्रास त्या यादीत नेमका लिहिला असेल, तर करा. फक्त तयारीनिशी.

तयारी कशी करायची?

आधी डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातली एक फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मग Windows आणि R दाबून `msinfo32` टाइप करा. तिथे System Model आणि BIOS Version/Date दिसेल, ते लिहून ठेवा. डेस्कटॉप असेल तर BaseBoard Product हे बोर्डाचं नावही लिहा.

पुढे कुलूप तपासा. स्टार्टमध्ये `cmd` लिहा, Run as administrator निवडा आणि या दोन ओळी एकेक करून चालवा:

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -get C:
```

पहिलीत Fully Decrypted आलं तर कुलूप नाही. नाहीतर दुसऱ्या ओळीने Numerical Password खाली ४८ अंकी की दिसते. ती कागदावर लिहा, सोबत तिथला ID पण लिहा, आणि कागद दुकानाच्या कागदपत्रांत ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून उपयोग नाही, कुलूप लागल्यावर ती फाइलही आतच अडकेल. की दिसलीच नाही, तर अपडेट पुढे ढकला आणि आधी तिचा बंदोबस्त करा.

अपडेटच्या अगदी आधी कुलूप थांबवा, आणि अपडेट होऊन विंडोज नीट चालू झालं की परत लावा:

```
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
manage-bde -protectors -enable C:
```

दुसरी ओळ विसरू नका. ती चालवेपर्यंत कुलूप लटकवलेलं असतं, पण किल्ली त्यातच असते.

वेळही निवडून घ्या. रिटर्नच्या तारखेच्या आदल्या दिवशी किंवा सणाच्या गर्दीत नको. दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल, रिपेअरवाला सापडेल, असा दिवस बघा. चार्जर लावलेला, बॅटरी भरलेली, बाकी प्रोग्राम बंद.

अपडेट करायचं नसलं, तरी की काढून लिहिण्याचं काम आजच करा. बायोस अपडेट कधीकधी विंडोज अपडेटसोबतही येतं, तेव्हा तयारीला वेळ मिळेलच असं नाही. काही अडलं तर कमेंटमध्ये मॉडेल आणि बायोस व्हर्जन लिहा. ४८ अंकी की मात्र कमेंटमध्ये चुकूनही टाकू नका.