स्वल्पविरामात अडकलेला ईमेल

दिवाळीच्या तोंडावर खोके छापणाऱ्या एखाद्या छोट्या कारखान्यातून ग्राहकाला असा ईमेल जातो, असे समजू:

‘नमस्कार सर, ४०० बॉक्सपैकी ३५० काल पॅक झाले, उरलेल्या ५०चं प्रिंटिंग सुरू आहे, पेपर उशिरा आला, शुक्रवारपर्यंत सगळा माल निघेल, मागच्या बिलाचं पेमेंट अजून जमा दिसत नाही, जरा बघून घ्याल का, हे काम तुमच्यामुळे आम्हाला मिळालं, त्याबद्दल मनापासून आभार.’

लिहिणारा माणूस मनापासून बोलतो आहे, माहितीही सगळी आहे. तरी वाचणारा मध्येच थबकतो. माल शुक्रवारी निघणार आणि पेमेंट जमा नाही, ही दोन वाक्ये एकाच स्वल्पविरामाने शेजारी बसली आहेत. पैसे आले तरच माल सुटेल, असे तर सुचवायचे नाही? लिहिणाऱ्याच्या मनात ते नव्हतेही कदाचित, पण विरामचिन्हाने शंकेला जागा करून दिली.

पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे इंग्रजीत चूकच धरतात. तिथे या दोषाला ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात. चिन्हच न देता वाक्ये एकापुढे एक ढकलली, तर ‘रन-ऑन’. आपली विरामचिन्हेही इंग्रजीच्याच वळणाने आली. एकोणिसाव्या शतकात ती मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. पण मराठी या बाबतीत थोडी सैल आहे. ‘माल आला, मोजला, गोदामात ठेवला’ हे वाक्य कुणालाही खटकणार नाही, कारण तुकडे छोटे आहेत, एका जातीचे आहेत आणि एकामागून एक घडलेले आहेत. वरच्या ईमेलमध्ये मात्र हिशेब, अडचण, आश्वासन, मागणी आणि आभार असे पाच वेगळे सूर एका दमात आले आहेत.

दोष शोधायला मराठीत एक सोपी खूण आहे. आपले क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. म्हणून ‘झाले’, ‘आहे’, ‘निघेल’, ‘नाही’ अशा पूर्ण क्रियापदानंतर स्वल्पविराम दिसला, की तिथे थांबावे. पुढे ‘पण’, ‘म्हणून’, ‘तर’, ‘त्याबद्दल’ असा दुवा असेल, तर बहुतेक वेळा हरकत नसते. दुवा नसेल, तर तिथे काहीतरी ठरवायचे राहून गेले आहे.

काय ठरवायचे, यातच खरी जोखीम आहे. उभयान्वयी अव्यय घालणे म्हणजे नवे विधान करणे. ‘प्रिंटिंग सुरू आहे, कारण पेपर उशिरा आला’ असे लिहिले, की उशिराचा सगळा दोष पेपरवर गेला. एखादे यंत्रही दोन दिवस बंद असेल, तर ते विधान खोटे ठरेल. ‘पेपर उशिरा आला, तरी शुक्रवारपर्यंत माल निघेल’ असे केले, तर तोच पेपर पुढच्या आश्वासनाला बांधला जातो. दुसऱ्याचा मजकूर सुधारणाऱ्याने इथे लिहिणाऱ्याला विचारावे. विचारता येत नसेल, तर अर्धविराम द्यावा: तो दोन वाक्यांचे नाते सुचवतो, पण ते कोणते हे सांगत नाही. पूर्णविराम तेवढेही सुचवत नाही.

‘ऊन’ लावून वाक्ये जोडण्याचा मोहही आवरावा लागतो. ‘माल मोजून गोदामात ठेवला’ ठीक आहे, कारण दोन्ही कामे एकानेच केली. ‘पेपर उशिरा येऊन आम्ही प्रिंटिंग सुरू केलं’ मात्र कानाला लगेच खटकते, कारण तिथे कर्ता बदलतो.

मग सगळीकडे पूर्णविराम दिले तर? ‘३५० पॅक झाले. ५० बाकी आहेत. पेपर उशिरा आला. पेमेंट जमा नाही.’ अर्थ जवळपास तोच, पण आवाज तक्रारपत्राचा झाला. शिवाय ‘जरा बघून घ्याल का’ ही विनंती होती. नीटनेटकेपणाच्या भरात तिचे ‘पेमेंट त्वरित करावे’ झाले, तर तो विरामचिन्हांचा बदल राहत नाही, व्यवहारातले नाते बदलते. ‘जरा’ आणि ‘का’ या दोन छोट्या शब्दांना हात लावू नये.

दुरुस्त ईमेल असा होऊ शकतो:

‘नमस्कार सर,
४०० बॉक्सपैकी ३५० काल पॅक झाले आणि उरलेल्या ५०चं प्रिंटिंग सुरू आहे. पेपर उशिरा आला. शुक्रवारपर्यंत सगळा माल निघेल.

मागच्या बिलाचं पेमेंट अजून जमा दिसत नाही. जरा बघून घ्याल का?

हे काम तुमच्यामुळे आम्हाला मिळालं, त्याबद्दल मनापासून आभार.’

शब्द जवळजवळ सगळे मूळचेच आहेत. भर पडली ती एका ‘आणि’ची. आश्वासनाला स्वतःचे वाक्य मिळाले, पैशांची गोष्ट वेगळ्या परिच्छेदात गेल्याने अटीचा वास गेला, आणि प्रश्नाला प्रश्नचिन्ह मिळाले. शेवटच्या ओळीतला स्वल्पविराम तसाच ठेवला, कारण ‘त्याबद्दल’ने दुवा आधीच जोडलेला आहे.

पाठवण्यापूर्वी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून आकडे, वार, आश्वासने आणि विनंत्या एकेक करून ताडून पाहाव्यात. जुन्या मजकुरात नसलेले ‘कारण’ किंवा ‘म्हणून’ नव्यात आढळले, तर ते कुठून आले हे लिहिणाऱ्याला विचारूनच ठेवावे.