काम संपल्यावरचं पत्र

वेबसाइट सुरू होते, शेवटचं बिल चुकतं होतं आणि एजन्सीकडून ग्राहकाला मेल येतो: 'आपल्यासोबत काम करून आनंद झाला. पुढेही सेवेची संधी द्यावी.' मेल वाचून ग्राहक तो विसरून जातो, कारण त्यात त्याच्या कामातलं काहीच नसतं.

समजा, पुण्यातल्या एका छोट्या एजन्सीने सांगलीच्या हळद व्यापाऱ्याची वेबसाइट ऑगस्टमध्ये पूर्ण केली. समारोपाचं पत्र असं लिहिता येईल: 'नमस्कार साहेब, सुट्टीच्या दिवशी तुम्ही गोदाम उघडून दिलंत, हळकुंड आणि गड्डा यांतला फरक आमच्या मुलांना हातात माल देऊन दाखवलात. दोन्हींची पानं वेगळी करायचं आम्हाला तेव्हाच सुचलं. मनापासून आभार.' ग्राहकाने दिलेला वेळ आणि त्यातून कामात पडलेली भर, दोन्ही इथे दिसतात. असे आभार दुसऱ्या कुणाला पाठवताच येत नाहीत.

त्यानंतर येते सुपूर्ती, आणि मला पत्राचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. डोमेन कुणाच्या नावावर आहे, होस्टिंगचं नूतनीकरण कधी, फोटोंच्या मूळ फाइली कुठे ठेवल्या आहेत, हे तीन-चार ओळींत लिहावं. पासवर्ड मात्र मेलमध्ये लिहू नयेत. ते वेगळ्या सुरक्षित मार्गाने द्यावेत. काही एजन्सी डोमेन स्वतःच्या नावावर ठेवतात. ग्राहक पुढेही आपल्याकडेच येईल, असा त्यांचा हिशेब असतो. पण दुसरीकडे जायला निघालेल्या ग्राहकाला ही अडवणूक कळते, आणि मग तो परत येत नाही. सगळ्या किल्ल्या हातात असतानाही जो ग्राहक परत येतो, त्याचाच विश्वास खरा.

पुढच्या कामाचं निमंत्रण शेवटी, एका वाक्यात: 'नव्या हळदीची आवक सुरू होण्याआधी दरांचं पान बदलावं लागेल, डिसेंबरात एकदा फोन करू का?' ही गरज व्यापाऱ्याची आहे आणि तिला वेळही ठरलेली आहे. त्यामुळे 'हो' किंवा 'नको' म्हणणं त्याला सोपं जातं. याच पत्रात 'पुढच्या कामावर वीस टक्के सूट' असं लिहिलं, तर आधीच्या बिलात तेवढे जास्त लावले होते का, अशी शंका त्याच्या मनात येते.

पत्र पाठवण्याची वेळही सांभाळावी लागते. बिल बाकी असताना आभार मानले, तर तो गोड शब्दांतला तगादा वाटतो. फॉर्म चालत नसल्याची तक्रार कालच आलेली असेल, तर आधी फॉर्म दुरुस्त करावा. काम रखडलं असेल, तर किती आठवडे उशीर झाला आणि का झाला, हे पत्रात स्पष्ट लिहावं. अशा वेळी निमंत्रणाचं वाक्य गाळावं आणि डिसेंबरचा फोन नुसती चौकशी करण्यासाठी करावा.