पाटीचा फोटो आणि अक्षराची उंची

‘ही पाटी जरा सुधारून द्या’ एवढ्याच निरोपासह दुकानाचा फोटो आला, की पाहणाऱ्याचे लक्ष आधी रंगांकडे जाते. खरे तर पहिला प्रश्न अंतराचा असतो: पाटी वाचणारा माणूस कुठे उभा आहे? हे फोटोत दिसत नाही, म्हणून दुकानदाराला विचारावेच लागते.

अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरील जऊळका येथे एक कृषी सेवा केंद्र आहे, असे समजू. गिऱ्हाईक साठ फुटांवरून पाहते. शटर आठ फूट रुंद असून फोटोत ते चाळीस मिलिमीटर भरते. म्हणजे एक फुटाला पाच मिलिमीटर. पाटी पन्नास बाय दहा मिलिमीटर, अर्थात दहा बाय दोन फूट. नावाचे अक्षर सव्वा मिलिमीटर, म्हणजे तीन इंच. फोटो समोरून काढलेला असेल तरच हा हिशोब जुळतो. खालून वा तिरक्या कोनातून काढला असेल तर मापे फसवतात.

दहा फुटांमागे एक इंच, असा पाटीच्या अक्षराचा ढोबळ ठोकताळा आहे. त्यानुसार नावाला सहा इंच हवेत. पण देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत धरायची. ‘माऊली कृषी सेवा केंद्र’ लिहिताना वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार आणि खाली ‘कृ’चा ऋकार येतो. त्यांना तीन-तीन इंच सोडले, की एका ओळीलाच बारा इंच लागतात. चोवीस इंचांत मग ‘बियाणे, खते, कीटकनाशके’ ही तीन इंची अक्षरांची, म्हणजे एकूण सहा इंचांची दुसरी ओळ बसते. उरलेले सहा इंच मोकळे राहू द्यावेत. ‘॥ श्री ॥’, मालकाचे नाव आणि दोन मोबाईल क्रमांक शटरशेजारच्या भिंतीवर न्यावेत. तिथे गिऱ्हाईक जवळून वाचते.

इंग्रजी नावही हवे असेल तर २०२२च्या दुरुस्तीनंतरचा दुकाने व आस्थापना कायदा आडवा येतो: मराठी अक्षरे आधी हवीत आणि ती इतर लिपीपेक्षा लहान नसावीत. संगणकावर दोन्हींना सारखाच आकडा दिला, तरी मात्रांची जागा धरावी लागत असल्याने देवनागरी अक्षर बहुधा लहान उमटते. म्हणून आकड्यावर न जाता छापील नमुन्यावर पट्टी ठेवून मोजावे.

मजकूर तपासताना ‘किटकनाशके’ नव्हे, ‘कीटकनाशके’. ‘कृषी सेवा’ असे तोडून लिहिल्यास ‘षी’ दीर्घ, ‘कृषिसेवा’ असे जोडल्यास ऱ्हस्व. फ्लेक्स छापणाऱ्याने जागा भरण्यासाठी अक्षरे आडवी ताणली असतील, तर ते लगेच ओळखता येते: काने जाड होतात, शिरोरेघ मात्र तेवढीच राहते.

शेवटी नवा आराखडा त्याच फोटोत बसवून फोटो अंगठ्याएवढा करावा. नाव तरीही वाचता आले, तरच पाटी सुधारली म्हणायची.